नारळ पत्र्यावर पडला तर ‘धाडकन’, चिखलात पडला तर ‘धप्पकन’: गोष्ट सांगताना आवाजाचे शब्द कसे निवडायचे

मराठीत गोष्ट सांगायला नव्याने बसलेला माणूस कथानकात सहसा अडत नाही, तो अडतो आवाजापाशी. ‘नारळ पडला आणि मोठा आवाज झाला,’ असं तो सांगतो. समोरचं मूल लगेच विचारतं, ‘कसा?’ मग चित्रांच्या पुस्तकातला ‘थड’ आठवतो किंवा हिंदी कार्टूनमधला ‘धडाम’, आणि मराठीतला शब्द काही तोंडात येत नाही. ज्यांची शाळा इंग्रजीतून झाली, जे लग्नानंतर मराठी घरात आले, किंवा जे बंगळूरू-न्यू जर्सीत राहून मुलांना मराठीतून गोष्टी सांगू पाहतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘बझ’ला मराठीत काय म्हणतात, ‘थड’ला काय म्हणतात, असं विचारत बसलात तर उत्तर सापडणार नाही, कारण त्यांना एकास एक जोडीदार नाहीत. इंग्रजीत डास, माशी आणि भुंगा या तिघांना एक ‘बझ’ पुरतो. मराठीत डास कानाशी भुणभुण करतो, माशा गुळावर घोंगावतात आणि भुंगा गुंजारव करतो. डास घोंगावला म्हणालात तर ऐकणाऱ्याला तो चिमणीएवढा वाटेल. म्हणून शब्दापासून सुरुवात करू नका, घडलेल्या गोष्टीपासून करा.

पायरी १: काय, कशावर?

आदळण्याचा आवाज निवडताना दोन वस्तू डोळ्यांसमोर आणायच्या, एक आदळणारी आणि दुसरी जिच्यावर ती आदळली ती. मराठीतला शब्द या दोघींचा मिळून बनतो.

नारळच घेऊ. तो पत्र्यावर पडला तर धाडकन किंवा दाणकन पडतो, कारण पत्रा वाजतो. तोच नारळ चिखलात पडला तर धप्पकन, कारण चिखल आवाज गिळून टाकतो. विहिरीत पडला तर धुबुक. विहिरीत नारळाऐवजी बारका खडा टाकला तर डुबुक. स्टीलची वाटी फरशीवर पडली तर ठणकन किंवा खणकन, काचेचा पेला पडला तर खळ्ळकन फुटतो. वाळकी काठी काडकन मोडते, ताणलेली दोरी ताडकन तुटते, जुनं धोतर टर्रकन फाटतं. पाय शेणात पडला तर पचकन.

हे शब्द सुटे पाठ करू नका. क्रियापदासकट जोडीनेच लक्षात ठेवा, कारण बहुतेकांची जोडी ठरलेली असते. डोळ्यांत पाणी टचकन येतं, बाळ खुदकन हसतं, थकलेला माणूस मटकन बसतो, साप सर्रकन जातो, चिमणी भुर्रकन उडते, छडी सपकन बसते, हातातली वस्तू खसकन ओढली जाते. यातल्या काहींमध्ये आवाज नावालाही नाही. टचकन पाणी येताना काहीच वाजत नाही, मटकन बसतानाही नाही. तरी गोष्टीत हे शब्द धप्पकनच्याच रांगेत बसतात. मराठी ऐकणाऱ्याला त्यातून आवाज नसला तरी हालचाल कळते, म्हणून यांना गाळू नका.

निवडलेला शब्द बरोबर आहे का, हे तपासायची एक साधी युक्ती आहे. वस्तूचं नाव झाकून फक्त आवाज आणि क्रियापद म्हणायचं. ‘धाडकन लागलं’ म्हटल्यावर घरातलं कोणीही ‘दार’ म्हणेल. ‘खळ्ळकन फुटली’ म्हटलं की काच, ‘टर्रकन फाटलं’ म्हटलं की कापड. ऐकणाऱ्याला अंदाज बांधता आला नाही, तर शब्द चुकला आहे किंवा फार ढोबळ आहे.

पायरी २: एकदा, सारखं, की भराभर?

नव्या माणसाच्या सर्वांत जास्त चुका इथे होतात. मूळ आवाज बरोबर असतो, पण त्याचं रूप चुकतं. ‘पट’ हा एक आवाज घेतला तर पटकन, पटपट, पटापट अशी त्याची रूपं रोज कानावर पडतात.

आवाज एकदाच आणि अचानक झाला तर ‘कन’ लागतो: धपकन, खटकन, पटकन. हिंदीत हे काम ‘से’ करतो, ‘धम्म से’, ‘छपाक से’. म्हणूनच हिंदीतून आलेल्या माणसाच्या तोंडी ‘धडामसे पडला’ येतं. मराठीत ‘से’ जागा घेत नाही, तिथे धाडकनच हवं. खेड्यात आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘दिशी’ ऐकू येईल, धाडदिशी, खाडदिशी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, अशा शब्दांच्या नोंदी ‘कन, कर, दिनी, दिशी’ असे शेपूट एकत्र जोडून दिलेल्या आहेत. त्यातला ‘कन’ आज सगळीकडे चालतो. ‘दिशी’ गोष्टीत फार छान वाजतो, पण तुमच्या घरात कोणी तसं बोलत असेल तरच वापरा. नाहीतर तो उसना वाटतो.

आवाज सारखा चालू असेल तर शब्द दोनदा येतो: दार खडखड वाजतं, छाती धडधडते, पानं सळसळतात. इथे एकच सलग आवाज कानात राहतो.

एकेक कृती वेगळी, पण भराभर घडत असेल तर मध्ये ‘आ’ शिरतो. आंबे टपाटप पडतात, पोरं पटापट पळतात, दारं धडाधड बंद होतात, ताक गटागटा प्यायलं जातं. ‘टपटप’ आणि ‘टपाटप’ यांतला फरक कानाला नीट कळतो. पागोळ्यांचं पाणी टपटप गळतं, त्याला संपण्याची घाई नसते. पाडाचे आंबे टपाटप पडले म्हटलं की खाली धावत जाऊन वेचायला हवेत.

आवाजानं सगळी जागा भरून गेली तर ‘आट’ लागतो: ढगांचा गडगडाट, पक्ष्यांचा किलबिलाट, टाळ्यांचा कडकडाट. हे नाम आहे, ते जड आहे, आणि घटनेपेक्षा वातावरण सांगायला बरं. एका टाळीचा कडकडाट होत नाही. नवशिक्या गोष्टीत मात्र ‘आट’चा भडिमार असतो, कारण शाळेत ध्वनिदर्शक शब्दांची यादी पाठ करून घेतात ती बहुतेक ‘आट’वालीच असते. तोंडी सांगताना दर वेळी ‘खडखडाट झाला’ म्हणण्यापेक्षा ‘दार खडखडलं’ किंवा ‘दार वाजलं, खडखड खडखड’ असं म्हणा. गोष्ट लगेच चालू लागते.

पायरी ३: वजन

शब्दातलं अक्षर बदललं की वस्तूचं वजन बदलतं. बांगड्या किणकिणतात, तलवारी खणखणतात, देवळातली मोठी घंटा घणघणते. क, ख, घ असं पुढे जाताना श्वास वाढतो आणि धातूही जड होतो. ‘इ’ आला की वस्तू बारीक वाटते. तसंच थेंब टप पडतो, ओला गोळा थप पडतो, पोतं धप पडतं. इंग्रजीत ध, भ, घ अशी श्वासासकटची जड अक्षरं नाहीत. त्यामुळे तिथला ‘थड’ आपल्या कानाला थोडा पोकळ वाटतो आणि आपलं ‘धप्प’ त्यांच्या लिपीत नीट उतरत नाही.

ही चढण मात्र सगळीकडे चालत नाही. गपकन म्हणजे गिळणं, ते कुठल्या ‘कपकन’चं मोठं भावंड नाही. म्हणून या नियमानं नवे शब्द पाडायला जाऊ नका. दोन माहीत असलेल्या शब्दांपैकी कोणता जड, एवढंच त्यावरून ठरवा.

एक अक्षर मात्र वेगळं सांगायला हवं, ते म्हणजे ‘ळ’. काही वाहत असेल किंवा हलकेच सरकत असेल तर तो हमखास येतो. ओढा खळखळतो, झरा झुळझुळतो, जखमेतून रक्त भळभळा वाहतं, डोळ्यांतून पाणी घळाघळा येतं. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून तिकडची नदी ‘कलकल’ वाहते. ही कलकल मराठी गोष्टीत आणलीत तर घोटाळा होतो, कारण आपल्याकडे कलकल म्हणजे भांडणाची किंवा गर्दीची कटकट. शांत नदीकाठी अचानक बाजार भरल्यासारखं वाटतं.

पायरी ४: प्राण्यांचं ओरडणं आणि प्राण्यांची नावं

प्राण्यांच्या बाबतीत मराठीत दोन थर आहेत. एक थर नकलेचा: भू भू, म्याँव, बें बें, कुकूचकू, काव काव, चिव चिव. दुसरा थर क्रियापदांचा. कुत्रा भुंकतो, गाय हंबरते, म्हैस रेकते, कोंबडा आरवतो, घोडा खिंकाळतो. दोन्ही लागतात. गोष्टीत नक्कल आधी आणि क्रियापद नंतर, हा क्रम सोपा पडतो: ‘कुकूचकू! कोंबडा आरवला.’

अगदी लहान मुलाशी बोलताना तिसरा थरही आहे आणि तो फार गोड आहे. तिथे आवाजच प्राण्याचं नाव होतो. कुत्रा म्हणजे भूभू, मांजर म्हणजे माऊ, गाय म्हणजे हम्मा, कावळा म्हणजे काऊ आणि चिमणी म्हणजे चिऊ. शेणाचं घर वाहून गेलेला काऊ मेणाच्या घरातल्या चिऊकडे येतो, या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गोष्टीत दोघांची ओळख त्यांच्या आवाजानेच होते. म्हातारीचा भोपळाही टुणूक टुणूक चालतो. एवढ्या एका शब्दात तो गोल आहे, हलका आहे आणि उड्या मारत पुढे जातो, हे सगळं आलं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगताना ‘कावळा’ आणि ‘चिमणी’ म्हणायची घाई करू नका.

मोठ्या मुलांसाठी मात्र एकाच प्राण्याचे वेगवेगळे आवाज हवेत. कुत्रा नुसता भू भू करत नाही. अनोळखी माणूस दिसला की तो आधी गुरगुरतो, मग वस्सकन अंगावर येतो आणि दगड बसला की केकाटत पळतो. हे तीन शब्द वापरले की कुत्र्याला काय वाटलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

केकारव, चीत्कार, भुभुःकार असे शब्द परीक्षेसाठी ठेवा. मोराचा केकारव ऐकून रात्री झोपेला आलेलं मूल एकदम शाळेत जाऊन बसतं. वाघाची डरकाळी मात्र चालते, कारण ती बोलण्यातही आहे.

एक गोष्ट, दोनदा सांगून

आता हे सगळं एका छोट्या प्रसंगावर लावून बघू. कोकणातलं घर, पत्र्याचं छप्पर, रात्रीची वेळ. नवा माणूस सांगेल:

‘म्हातारी झोपली होती. डास चावत होते. वारा सुटला, पाऊस आला. अचानक पत्र्यावर नारळ पडला आणि खूप मोठा आवाज झाला. म्हातारी घाबरून उठली. मांजर पळून गेलं. कुत्रं भुंकलं.’

चूक काहीच नाही, पण ऐकू काहीच येत नाही. आता असं:

‘म्हातारी घोरत होती. घुर्र... घुर्र... कानाशी एक डास भुणभुण करत होता. बाहेर माडाच्या झावळ्या सळसळायला लागल्या. पत्र्यावर थेंब पडला. टप. मग आणखी एक. टप. आणि तेवढ्यात... धाड्! म्हातारी ताडकन उठून बसली. “कोण आहे रे तिकडे?” माऊनं फळीवरून टुणकन उडी मारली आणि सुर्रकन चुलीमागे जाऊन बसली. अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं. आणि पत्र्यावर कोणीतरी चाललंय, गड गड गड गड... आणि खाली चिखलात, धप्प!’

इथे काय काय ठरवलं ते सांगते. पाऊस मुद्दाम दोन थेंबांवर थांबवला. पत्र्यावरचा जोराचा पाऊस ताडताड वाजतो. तो आधीच आणला असता तर नारळाचा धाड् त्यात बुडाला असता. मोठ्या आवाजाच्या आधी बारीक आवाज ठेवायचे आणि त्यांच्यानंतर क्षणभर थांबायचं.

‘धाडकन’च्या जागी नुसतं ‘धाड्’ आहे. ‘कन’ आला की त्यामागून क्रियापद यावं लागतं, ‘धाडकन काहीतरी पडलं’, आणि तेवढ्यात धसका ओसरतो. ज्या आवाजानं मूल दचकायला हवं तो उघडा सोडा. बाकीचे, म्हणजे ताडकन, टुणकन, सुर्रकन, क्रियापदाशी बांधलेले राहू द्या.

नारळाचं नाव शेवटपर्यंत घेतलेलं नाही. पत्र्यावर धाड्, उतारावरून गड गड, चिखलात धप्प, हे तीन आवाज एकाच वस्तूचे आहेत, आणि ऐकणारं मूल त्यावरूनच ‘नारळ!’ म्हणून ओरडतं. पहिल्या पायरीतली नाव झाकायची युक्ती इथे गोष्टीचंच काम करते.

कुत्र्याला भू भू दिलेलं नाही. एवढ्या आवाजांत आणखी एक आला असता तर सगळे सारखेच वाटले असते. एका छोट्या प्रसंगाला असे पाच-सहा उघडे आवाज भरपूर होतात. प्रत्येक वाक्यात एक आला की मूल आवाजांना हसायला लागतं आणि म्हातारीला विसरतं. गोष्ट बिघडल्याची पहिली खूण तीच. ती दिसली की पुढच्या खेपेला निम्मे आवाज गाळा.

लिहून ठेवायची असेल तर जोडाक्षरं गाळू नका. ‘धपकन’ आणि ‘धप्पकन’ वेगळे वाचले जातात, ‘टरकन’ आणि ‘टर्रकन’ही.

मूल दुसऱ्या भाषेतला आवाज घेऊन आलं तर

बाहेर वाढणारं मूल गोष्ट मध्येच थांबवून म्हणतं, ‘कोंबडा कुकूचकू नाही म्हणत, कॉक-अ-डूडल-डू म्हणतो.’ त्याला चूक ठरवू नका. फ्रेंच कोंबडा कोकोरिको म्हणतो, जर्मन किकेरिकी, जपानी कोकेकोक्को. कोंबडा तोच असतो, प्रत्येक भाषा तो आवाज स्वतःकडच्या अक्षरांत बसवते. कुत्र्याच्या बाबतीत हे आणखी उघड आहे: आपला भू भू, इंग्रजांचा वूफ, जपान्यांचा वान वान.

कधी मात्र फरक भाषेचा नसतो, प्राण्याचाच असतो. इंग्रजी पुस्तकातला बेडूक ‘रिबिट’ म्हणतो. तसा आवाज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या बेडकाचा आहे, आणि हॉलीवूडच्या चित्रपटांतून तो जगभर पसरला. आपल्याकडे पहिल्या पावसात पिवळेजर्द होऊन गालाशी निळे फुगे फुगवणारे बेडूक डराँव डराँव करतात. त्यांच्या तोंडी ‘रिबिट’ घालणं म्हणजे दुसऱ्याच प्राण्याला गोष्टीत आणणं. मराठी शेतातला बेडूक असेल तर डराँवच म्हणायचं, आणि मुलाला हे कारणही सांगायचं.

पक्ष्यांमध्ये पावशा हा सर्वांत चांगला नमुना आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी तो दर हाकेला सूर चढवत ओरडतो. मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येतं, हिंदीत ‘पी कहाँ’, बंगालीत ‘चोख गेलो’ म्हणजे डोळे गेले, आणि इंग्रजांना उकाड्यात तोच आवाज ‘ब्रेन फीवर’ वाटला. या पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मिळवा. मुलाला यातलं काहीच आधी न सांगता तीन-चार वेळा ऐकवा आणि तो काय म्हणतोय ते विचारा. मूल जे सांगेल तेच त्या दिवशी गोष्टीतल्या पावशाच्या तोंडी घाला. ‘पेरते व्हा’ दुसऱ्या दिवशी सांगा, आणि पुन्हा एकदा ऐकवा.